घरचा हिशेब : शिकवणीची फी मुलामागे घ्यावी की बॅचमागे?



या महिन्याच्या टपालात मिरजेहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. घरी शिकवणी घेणाऱ्या भगिनींच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून तिच्या परवानगीने, नाव न देता, सगळा हिशेब इथे मांडते.

ही भगिनी बी.एस्सी., बी.एड. आहे. शाळेत नोकरी करत नाही. सातवीच्या चार मुलींना घरी गणित आणि विज्ञान शिकवते. मुली सेमी इंग्रजीच्या, सकाळच्या शाळेतल्या, त्यामुळे वेळ दुपारी साडेतीन ते पाच, आठवड्यातून पाच दिवस. प्रत्येकीची फी महिना ६०० रुपये, म्हणजे हातात २,४०० येतात. पहिल्या चाचणीत या मुलींचे गुण सुधारले आणि मोहल्ल्यात बोलबाला झाला. आता त्याच वर्गातल्या आणखी चार मुली यायला तयार आहेत. इथे एका मुलीच्या अम्मीने सुचवले, “बाजी, आता मुली जास्त झाल्या. तुम्ही एका मुलीमागे पैसे घेण्यापेक्षा पूर्ण बॅचचे ३,६०० ठरवा. आम्ही आपापसात वाटून घेऊ. तुमचे १,२०० वाढले, आमचे १५० वाचले.” भगिनी विचारते, हे मान्य करू का? वेळ तर तेवढाच जाणार आहे.

त्या अम्मीचे म्हणणे ऐकायला अगदी बरोबर वाटते. कागदावर मांडून पाहू.

आधी वेळेचे बघा. “वेळ तेवढाच” हे अर्धेच खरे आहे. महिन्याचे साधारण २२ दिवस धरले तर रोज दीड तासाप्रमाणे ३३ तास शिकवण्यात जातात. मुली चार असोत की आठ, हे ३३ तास तेच. तयारीचेही तसेच : धडा वाचणे, गणिते निवडणे, चाचणीचा पेपर काढणे, यात महिन्याला सहा तास जातात असे ती लिहिते आणि तेही मुलींच्या संख्येने वाढत नाहीत. पण तिसरे एक काम आहे, जे कोणी मोजत नाही. दर आठवड्याची चाचणी तपासणे, चुका खुणावणे, घरून आलेला फोन घेणे, “आज का आली नाही” म्हणून आपण फोन करणे, फी राहिली असेल तर आठवण देणे. हे काम मुलीगणिक वाढते. एका मुलीमागे महिन्याला तासभर तरी धरावाच लागतो.

म्हणजे आज चार मुलींसाठी ३३, ६ आणि ४ मिळून ४३ तास जातात. २,४०० रुपयांना ४३ ने भागले तर तासाचे सुमारे ५६ रुपये पडतात. आठ मुली झाल्या की तास होतात ४७. बॅचचे ३,६०० घेतले तर तासाचे सुमारे ७७ रुपये. आणि मुलीमागे ६०० कायम ठेवले तर ४,८०० येतात, तासाचे १०२.

इथवर पाहिले तर बॅचचा दर आजच्यापेक्षा चांगलाच आहे. ५६ चे ७७ होतात. मग अडचण कुठे आहे? अडचण पहिल्या महिन्यात दिसत नाही. ती दिवाळीनंतर दिसते.

आपल्याकडे शिकवणीची मुले कधी गळतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. पहिल्या सत्राचा निकाल लागला की काही जणी जातात, कोणाचे घर बदलते, कोणाच्या मोठ्या भावाने सांगितले की मीच शिकवतो. समजा आठांपैकी दोन मुली गेल्या. करार बॅचचा आहे, तर राहिलेल्या सहा घरांनी ३,६०० भरायचे, म्हणजे प्रत्येकी ६००. पण त्या घरांना आता ४५० ची सवय झालेली आहे. दुसऱ्याची मुलगी गेली म्हणून माझी फी १५० रुपयांनी का वाढावी, असे कोणतीही आई विचारणार, आणि तिचे विचारणे चूक नाही. प्रत्यक्षात होते असे की सहाही घरे ४५० च देत राहतात. हातात येतात २,७००. मुली सहा, तास ४५, तासाचे ६० रुपये. जिथून निघालो होतो जवळजवळ तिथेच आलो. फरक एवढाच की आधी चार मुली होत्या, आता सहा आहेत.

उलट बाजूही बघा. समजा कोणी गेले नाही, आणखी तिघी आल्या. बॅच ठरलेली आहे, पैसे ठरलेले आहेत, म्हणून एका घराने चुलत बहिणीला आणले, दुसऱ्याने शेजारणीच्या मुलीला. अकरा मुली झाल्या. प्रत्येक घराला सव्वातीनशेच्या आसपास पडू लागले, सगळे खूश. भगिनीच्या हातात तेच ३,६००, आणि वह्या अकरा.

तेव्हा बॅचच्या दराचे खरे रूप असे आहे : मुली वाढल्या तर तो बॅचचा दर राहतो, मुली घटल्या की तो मुलीमागचा दर होतो, आणि तोही सगळ्यांत स्वस्त झालेला. वाढीचा फायदा पालकांना, घटीचा तोटा बाजीला. कोणी फसवत नाही, कोणाच्या मनात खोट नसते. करारात एक जागा रिकामी राहिलेली असते, ती म्हणजे पूर्ण ३,६०० देण्याची जबाबदारी नक्की कोणाची? आठ घरे मिळून देणार, म्हणजे कोणीच एकटे बांधील नाही.

मजुरीच्या बाबतीत आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते की काम काय आणि मोबदला किती, हे दोन्ही आधी स्पष्ट असले पाहिजे. फिकहच्या पुस्तकांत इजाऱ्याच्या, म्हणजे मोबदल्यावर काम करून घेण्याच्या प्रकरणात ही मूळ अट आहे. बॅचच्या वाटणीत बाजीचा आकडा स्पष्ट दिसतो, पण प्रत्येक घराचा आकडा दर महिन्याला डोकी मोजून बदलतो. भांडणाला एवढी जागा पुरते. त्यात भरीला कोणीतरी एक आई पैसे गोळा करते, कोणाचे राहतात, ती म्हणते “पगाराच्या दिवशी देते म्हणाल्या”, आणि मग बाजी त्या आईकडे मागू शकत नाही, या आईकडेही मागू शकत नाही.

मग मुलीमागे ६०० कायम ठेवून आठ मुली घ्याव्यात का? ४,८०० मिळतील. मोह होण्यासारखा आकडा आहे. पण त्या चार जुन्या घरांच्या बाजूने एकदा विचार करा. त्यांनी ६०० रुपये कशाचे दिले होते?

दीड तासाची, म्हणजे ९० मिनिटांची फोड करू. भगिनी लिहिते की सुरुवातीला ती प्रत्येकीची घरच्या अभ्यासाची वही बघते, एका वहीला तीन मिनिटे. मग फळ्यावर नवीन भाग समजावायला ३५ मिनिटे. उरलेल्या वेळात मुली गणिते सोडवतात आणि ती एकेकीजवळ बसते. चार मुली असताना वह्यांना १२ मिनिटे, फळ्याला ३५, उरतात ४३. म्हणजे एका मुलीच्या वाट्याला जवळजवळ ११ मिनिटे. आठ मुली झाल्या की वह्यांना २४, फळ्याला ३५, उरतात ३१, एकीच्या वाट्याला चारपेक्षाही थोडी कमी. बारा झाल्या तर वह्यांतच ३६ मिनिटे जातात, उरलेली १९ मिनिटे बाराजणींत वाटली तर एकीला दीड मिनिट. दीड मिनिटात अपूर्णांकाच्या बेरजेत छेद समान का करायचा, हे विसरलेल्या मुलीला ते सांगून होत नाही.

फळ्यावरची ३५ मिनिटे आठजणींत वाटली तरी कमी होत नाहीत, ती प्रत्येकीला पूर्ण मिळतात. कमी होते ते शेजारी बसून दाखवणे. घरच्या शिकवणीला मुली मोठ्या क्लासऐवजी येतात त्या याच गोष्टीसाठी. तेव्हा अकरा मिनिटांची चार झाली आणि फी मात्र तीच राहिली, तर जुन्या घरांचे नुकसान होते. त्या तोंडावर बोलणार नाहीत, पण दोन महिन्यांत मुलगी दुसरीकडे दिसेल. फी थोडी कमी करणे इथे उपकार नाही, दिल्या जाणाऱ्या गोष्टीत झालेल्या बदलाचा तो हिशेब आहे.

म्हणून माझे मत असे. दर मुलीमागेच ठेवावा, पण त्याला खाली एक तळ आणि वर एक छत असावे.

या भगिनीसाठी मी आकडे असे बसवले आहेत. बॅचमध्ये पाचपर्यंत मुली असतील तर प्रत्येकी ६००. सहा ते आठ असतील तर प्रत्येकी ५२५. आठपेक्षा जास्त एका बॅचमध्ये घ्यायच्याच नाहीत. आठ मुलींचे ४,२०० होतात, ४७ तासांना भागले तर तासाचे ८९. जुन्या घरांना ७५ रुपये कमी पडतात, नव्यांनाही तोच दर. अम्मीने सुचवलेल्या ३,६०० पेक्षा ६०० जास्त मिळतात, आणि दिवाळीनंतर दोघी गेल्या तरी सहाजणींचे ३,१५० राहतात, २,७०० नाही.

तुमच्या गावातले दर वेगळे असतील, तर आकडे बदला. पण बदलताना एका जागी नीट पाहा, कारण तिथे बरेच जण फसतात. दर कमी होतो त्या पायरीवर एकूण रक्कम घटता कामा नये. इथे पाच मुलींचे ३,००० होतात आणि सहा मुलींचे ३,१५०, म्हणून ठीक आहे. पण समजा पालकांच्या आग्रहाने तुम्ही सहापासून ४७५ केले असते, तर सहा मुलींचे २,८५० झाले असते. म्हणजे सहावी मुलगी आली आणि तुमचे १५० रुपये कमी झाले, शिवाय एक वही वाढली. दर ठरवण्याआधी पायरीच्या खालचा आकडा आणि वरचा आकडा गुणून बघणे एवढेच काम आहे, एका मिनिटाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे मुली किती आहेत हे कधी मोजायचे. दर महिन्याला मोजले तर फी दर महिन्याला हलेल आणि बॅचच्या वाटणीतला गोंधळ पुन्हा दारातून आत येईल. सत्राच्या सुरुवातीला एकदाच मोजावे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस येणे-जाणे चालू असते, ते स्थिरावू द्यावे, मग जी संख्या असेल तिच्यावर दिवाळीपर्यंतचा दर. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजावे. मधल्या काळात कोणी गेले तर दर वाढवायचा नाही, ती जोखीम बाजीने घ्यायची. ही जोखीम तीन-चार महिन्यांची असते, वर्षाची नाही. आणि मधेच सोडताना एक महिना आधी सांगावे, असे प्रवेशाच्या वेळीच बोलून ठेवले तर तीही कमी होते.

आता छताबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण मुलीमागे फी घेण्याचा खरा धोका तिथे आहे. नववी मुलगी दारात उभी राहते तेव्हा ती ५२५ रुपये घेऊन उभी असते आणि तिच्यामुळे वाढणारे काम फक्त तासाभराचे दिसते. प्रत्येक पुढची मुलगी अशीच फायद्याची वाटते. अशा एकेका “हो” ने बॅच बाराची होते. बॅच भरून वाहू लागली हे कसे ओळखायचे? हजेरीकडे पाहू नका, ती चांगलीच असते. वह्यांकडे पाहा. आठवड्याची चाचणी त्याच आठवड्यात तपासून परत जाते का, की दोन चाचण्यांचा गठ्ठा कपाटावर पडून आहे? आणि आठवडाभरात एकही प्रश्न न विचारणाऱ्या मुली किती आहेत, हे मनात मोजा. चार मुलींच्या बॅचमध्ये गप्प राहायला जागाच नसते. दोन-तीन मुली आठवडाभर गप्प राहू लागल्या की समजा, तुमच्या खोलीचे छत आले. गणिताच्या बाबतीत ते लवकर येते. इतिहास-भूगोल किंवा दीनियात शिकवणारीला कदाचित बाराही झेपतील, कारण तिथे प्रत्येकीच्या वहीत डोकावून पायरी-पायरीने चूक शोधावी लागत नाही.

नववी मुलगी आली तर दुसरी बॅच काढावी का? एकटीसाठी नाही. दुसरी बॅच म्हणजे आणखी ३३ तास. एका मुलीच्या ५२५ रुपयांसाठी ३३ तास दिले तर तासाचे पंधरा-सोळा रुपये पडतील. काही भगिनी मग आठ आणि चार असे न करता बाराजणींना सहा-सहात वाटतात. हे मुलींसाठी उत्तमच आहे, पण स्वतःचा हिशेब पाहा. बाराजणींचे ६,३०० येतात आणि तास लागतात ३३ अधिक ३३, तयारीचे ६ आणि तपासणीचे १२, म्हणजे ८४. तासाचे ७५ झाले. आठजणींच्या एका बॅचला ८९ पडत होते. जे २,१०० रुपये वाढले त्यासाठी ३७ तास जास्त दिले, म्हणजे त्या जादा कामाचा भाव तासाला ५७, जवळजवळ सुरुवातीचाच. घरात लहान मूल असेल, सासूबाईंचे औषधपाणी असेल, तर तो सौदा करायचा की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. मी एवढेच सांगेन की नववीपासून येणाऱ्या मुलींची नावे एका वहीत लिहून ठेवावीत आणि पाच नावे झाल्यावर दुसरी बॅच उघडावी. पाचजणींचे ६०० प्रमाणे ३,००० होतात, वर्ग तोच असेल तर नवी तयारी नाही, ३८ तास लागतात, तासाचे ७९ पडतात. वर्ग वेगळा असेल, म्हणजे सातवीऐवजी आठवी, तर तयारीचे सहा तास धरून ४४ होतात आणि भाव ६८ वर येतो. म्हणून शक्यतो त्याच वर्गाची दुसरी बॅच आधी करावी.

बॅचचा दर सगळीकडे वाईट आहे, असे मी म्हणत नाही. जिथे पैसे देणारा हात एकच आहे तिथे तोच दर चांगला. एखाद्या मोठ्या घरात दोन-तीन भावांची मुले एकत्र राहतात, दादाजान सगळ्यांची फी देतात आणि बाजी त्यांच्या घरी जाऊन शिकवते. तिथे मुलामागे मोजत बसणे शोभत नाही आणि फायद्याचेही नाही. एक मूल आजारी पडले, एक नानीकडे गेले, तरी तुमचा जाण्या-येण्याचा आणि बसण्याचा वेळ तेवढाच जातो. पूर्ण बैठकीचा महिन्याचा एक आकडा ठरवावा, आणि “पाच मुलांपर्यंत” हे शब्द त्याच वेळी बोलून घ्यावेत. दुसरे उदाहरण दहावीच्या परीक्षेआधीच्या उजळणीचे. ठरावीक बारा बैठका, ठरावीक धडे, मुले येणार आणि परीक्षा झाली की जाणार. इथे गळतीचा प्रश्नच येत नाही. तिसरे, मोहल्ल्यातली एखादी कमिटी किंवा ट्रस्ट गरजू मुलांसाठी शिकवणी चालवते आणि बाजीला एकरकमी मानधन देते. इथेही कमाल संख्या लिहून घ्या, नाहीतर चांगल्या कामाच्या नावाखाली खोलीत पंचवीस मुले बसतील आणि कोणाचेच भले होणार नाही.

सवलतीचा विषय पत्रात नाही, पण या दोन पद्धतींतला मोठा फरक तिथे दिसतो म्हणून लिहिते. नव्या चारांपैकी एक मुलगी अशी आहे की तिची अम्मी शिवणकाम करून घर चालवते. बाजीला तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. मुलीमागे दर असेल तर हा निर्णय पूर्णपणे बाजीचा आहे. ५२५ रुपये तिने सोडले, कोणाला सांगण्याची गरज नाही, त्या मुलीची मानही खाली जात नाही. बॅचच्या वाटणीत मात्र तेच ३,६०० सातजणींत वाटले जातात, प्रत्येकी ४५० ऐवजी ५१४ पडतात. म्हणजे सवलत बाजीने दिली आणि पैसे सात घरांनी भरले, त्यांना न विचारता. विचारले तर मुलीची परिस्थिती आठ घरांत चर्चेला आली. दोन्ही नको. आठ जागांपैकी एक जागा अशी ठेवता येत असेल तर ठेवा, पण हिशेब करताना उत्पन्न सातजणींचेच धरा, ३,६७५. तेही अम्मीने सुचवलेल्या आकड्यापेक्षा जास्तच आहे.

सख्ख्या बहिणी एकाच बॅचमध्ये असतील तर दुसरीला थोडी सूट मागितली जाते. देऊ शकता, पण वही दुसरीचीही तपासावी लागते हे लक्षात ठेवा. मी पन्नास रुपयांच्या वर जाणार नाही.

रमजानचे काय? वेळ बदलते, काही ठिकाणी दीड तासाचा तास होतो. फी महिन्याची आहे, दिवसांची नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले असावे, आणि कमी झालेला वेळ ईदनंतरच्या दोन-तीन रविवारी भरून द्यावा. मुलगी आली नाही म्हणून फी कापायची नाही, बाजीला जमले नाही तर तो दिवस भरून द्यायचा, एवढे दोन नियम पुरतात. मे महिन्याच्या सुट्टीची फी मात्र घेऊ नये.

एक गोष्ट सहज सांगून टाकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेत शिक्षक म्हणून नोकरी करणाऱ्यांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. आपली ही भगिनी नोकरीत नाही, तिला अडचण नाही. पण ज्या वाचक भगिनी शाळेत शिकवतात त्यांनी फीचा दर ठरवण्याआधी हे पाहावे.

आता त्या अम्मीला उत्तर काय द्यायचे? तिने सूचना चांगल्या मनाने केली होती आणि जुनी चार घरे तिच्या शब्दाने चालतात. म्हणून नुसते “नाही” म्हणू नये. तिचे १५० नाही तरी ७५ वाचत आहेत, हे आधी सांगावे. आणि एकाच बॅचमध्ये जुन्यांना एक दर, नव्यांना दुसरा, असे अजिबात करू नये. शाळेच्या दारात आया भेटतात, फी पहिल्या आठवड्यातच बोलली जाते. मी तिला अशी चिठ्ठी लिहायला सुचवली आहे, जी आठही घरांना सारखीच जाईल :

“अस्सलामु अलैकुम. पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सातवीच्या बॅचमध्ये आठ मुली असतील. आठपेक्षा जास्त मुली या बॅचमध्ये घेतल्या जाणार नाहीत. फी आता प्रत्येक मुलीमागे ५२५ रुपये राहील. हा दर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बदलणार नाही. सुट्टीनंतर मुली पाच किंवा त्याहून कमी राहिल्या तर फी ६०० रुपये असेल. फी महिन्याच्या १० तारखेपर्यंत प्रत्येक घराने माझ्याकडेच द्यावी. शिकवणी सोडायची असेल तर एक महिना आधी कळवावे. दर शनिवारी चाचणी होईल आणि तपासलेला पेपर मंगळवारपर्यंत घरी येईल.”

शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले आहे. शनिवारचा पेपर मंगळवारी घरी जातो की नाही, हे आठही घरांना दिसते. ज्या आठवड्यापासून तो बुधवारवर, गुरुवारवर जाऊ लागेल, त्या आठवड्यात बाजीने आठाचे सात करण्याचा विचार करावा, नवी मुलगी घेण्याचा नाही. चिठ्ठीत “माझ्याकडेच द्यावी” हेही तसेच मुद्दाम आहे. गोळा करणारी आई मधून गेली की कोणाचे राहिले हे बाजीला लगेच कळते, आणि त्या एका घराशी एकटीने, आवाज न चढवता बोलता येते.

त्या भगिनीचे परवा उत्तर आले. सात घरांनी होकार दिला आहे. एका नव्या घराला शनिवारची चाचणी नको आहे, कारण त्या दिवशी मुलगी मामाकडे जाते. चाचणी शुक्रवारी घेऊ का, असे तिने विचारले आहे. शुक्रवारी जुम्याच्या दिवशी घरात गडबड असते, म्हणून मी गुरुवार सुचवला आहे. पेपर मग रविवारी जाईल.